पडून असलेल्या शेअरचं भाडं

"शेअर डीमॅटमधे नुसते पडून आहेत, त्यावर कव्हर्ड कॉल विकून दर महिन्याला भाडं खाता येतं म्हणतात. करू का मी?"

आमच्या देवगडात कुणी मोहोरावरच बाग मक्त्याने देतं. पैसे आधी हातात, मग आंब्याचा भाव कितीही चढो, जास्तीचं सगळं व्यापाऱ्याचं. कॉल विकणं म्हणजे आपले शेअर ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने घ्यायचा हक्क आधीच पैसे घेऊन दुसऱ्याला देणं. तेही बरंचसं तसंच, फक्त एक फरक आहे आणि तो भाडं-भाडं म्हणणारे सांगत नाहीत. मोहोर गळला तर झळ व्यापाऱ्याला लागते, इथे शेअर पडला तर ती तुम्हालाच.

माझंच सांगतो. एका कंपनीचे १००० शेअर, २१० ला घेतलेले, म्हणजे बरोबर एक लॉट, त्याहून कमी शेअरचा कॉल विकता येत नाही. भाव ६०० होता तेव्हा ६४० चा कॉल ९ रुपयाला विकला, ९,००० प्रीमियम जमा. एक्सपायरीला, म्हणजे मुदत संपते त्या दिवशी, भाव ६४० च्या खाली राहिला की प्रीमियम आपला, शेअरही आपले. सहा महिने असंच चाललं, साधारण पन्नास हजार मिळाले, बायकोला म्हटलं लाइटबिल आता बाजार भरतोय.

सातव्या महिन्यात रिझल्ट आला आणि भाव ७३५. पुन्हा ९ लाच विकलेला तो कॉल ९७ वर. आता दोनच वाटा. एक, शेअर ६४० ला देऊन टाकायचे, कारण आपल्याकडे २०१९ पासून कॉलसारख्या स्टॉक ऑप्शनला प्रत्यक्ष डिलिव्हरी आहे, आणि मग २१० ते ६४० च्या नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स, सव्वा लाखाची सूट जाऊनही ३८ हजाराच्या आसपास. दुसरी, कॉल परत विकत घ्यायचा. शेअर सोडवेनात म्हणून मी दुसरी धरली. ९७,००० भरले, ९,००० आधीचे वजा करून ८८,००० गेले, सहा महिन्यांचं भाडं फेडूनही वर खिशातले. आणि हे पैसे रोख जातात हो, शेअर वाढल्याचा फायदा मात्र कागदावर. कौलं बदलायला ठेवलेली एफडी मोडली. पुढच्या महिन्यात भाव घसरून ६६० वर आला, तेव्हा तो कागदही बराचसा पुसला.

उलट बाजूने भाव ५०० झाला असता तर लाखभर नुकसान आणि त्याला टेकू फक्त नऊ हजाराचा.

म्हणून आता ज्या शेअरसाठी "६४० ला गेला तरी चालेल" असं खरंच म्हणवतं, त्याच्यावरच विकतो, आणि रिझल्टच्या महिन्यात अजिबात नाही, प्रीमियम तेव्हा फुगलेला दिसतो तो उगाच नसतो. तुम्ही मागे म्हणालात ना, वडिलांनी घेतलेले आहेत, मुलीसाठी ठेवायचेत? मग त्यांच्यावर नको. आणि १००० च्या लॉटला तुमच्याकडे ४०० असतील तर उरलेल्या ६०० शेअरपुरता कॉल उघडाच, पाठीशी शेअर नसलेला, त्याला कव्हर्ड म्हणूच नका.