पासवर्ड बदलूनही बिलं बाहेर जात होती

मी छोट्या ऑफिसांचं कॉम्प्युटरचं काम बघतो. मागे एका टाइल्सवाल्या काकांचा फोन आला, त्यांच्या गिऱ्हाइकाला कुणीतरी त्यांचंच बिल पाठवलं होतं, लोगो तोच, रक्कम तीच, फक्त बँक खातं वेगळं. काका म्हणाले, "अरे गुगल अकाउंटचा पासवर्ड तर मी शुक्रवारीच बदलला, आणि हे बिल सोमवारचं आहे!"

ते ऐकून पोटात गोळाच आला, कारण याचा अर्थ कुणीतरी अजून आत होतं.

गेलो आणि आधी रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल बघितला, ते काकांचेच होते. मग Your devices उघडलं, म्हणजे अकाउंट कुठल्या फोन-कॉम्प्युटरवर लॉगिन आहे ती लिस्ट. तिथे एक विंडोज लॉगिन मुंबईचं दिसलं, आम्ही सांगलीत, काका घाबरले, पण ते लोकेशन नेटच्या आयपीवरून येतं आणि बरेचदा चुकतं, म्हणून मी वेळ आणि ब्राउझर जुळवून बघितला तर तो समोरचाच बिलिंगचा पीसी निघाला. काकांचा जुना फोन मात्र लिस्टमध्ये होता, जो भाच्याला दिलेला, त्याला साइन आउट केलं. पण अनोळखी असं एकही डिव्हाइस नाही.

मग थर्ड पार्टी कनेक्शन्स, म्हणजे अकाउंटला जोडलेल्या बाहेरच्या अ‍ॅप्सची यादी उघडली (myaccount.google.com/connections). अकरा अ‍ॅप्स होती. त्यात एक पीडीएफ कन्व्हर्टर, आणि त्याला ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइल्स बघायची, बदलायची, डिलीट करायची परवानगी! परवानगी दिल्याची तारीख आदल्या बुधवारची. ऑफिसचा हिशोब बघणाऱ्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, हो दादा, "बिल उघडण्यासाठी साइन इन करा" असा मेल आला होता, मी अलाऊ दाबलं.

इथेच सगळं कळलं. अलाऊ दाबलं की अ‍ॅपला एक टोकन मिळतं, मग त्याला पासवर्ड लागतच नाही. पासवर्ड बदलला की गुगल जीमेलची परवानगी असलेली टोकन्स बंद करतं, पण नुसत्या ड्राइव्हचं टोकन तसंच चालू राहू शकतं. आणि काका तर प्रत्येक बिल ड्राइव्हमध्येच ठेवतात. हे अ‍ॅप डिव्हाइसच्या लिस्टमध्येही दिसत नाही, ती लिस्ट कितीही साफ करा.

काका लगेच काढायला निघाले, मी हात धरला. आधी नाव, तारीख, परवानग्या यांचे स्क्रीनशॉट घेतले कारण काढल्यावर ते सगळं दिसेनासं होतं आणि तक्रारीला तेच लागतं. मग अ‍ॅक्सेस काढला, वापरात नसलेली आणखी सहा अ‍ॅप्सही काढली. जीमेलमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंगही बघितलं, तेही पासवर्ड बदलून जात नाहीत, पण तिथे काही नव्हतं.

अ‍ॅक्सेस काढला तरी त्यांनी आधी उतरवून घेतलेली बिलं परत येत नाहीत, हे काकांना स्पष्ट सांगितलं. म्हणून मग सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली आणि संध्याकाळपर्यंत काका आणि ताई एकेका गिऱ्हाइकाला फोन करत बसले होते, खातं बदललेलं नाही, मेल आला तरी पैसे भरू नका. सोमवारच्या बिलाचे पैसे त्या गिऱ्हाइकाने अजून भरले नव्हते.