चाळीस मिनिटं

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सात महिन्यांनी मी पांडवलेणी चढलो. चार वेळा बसलो, चाळीस मिनिटं लागली. वरून नाशिकचा फोटो काढला आणि रात्री तो सोशल मीडियावर टाकला, सोबत चाळीस मिनिटांत चढल्याच्या दोन ओळी. ऑपरेशनचा उल्लेख केला नव्हता.

खाली एका अनोळखी गृहस्थांनी लिहिलं : ‘वा, एव्हरेस्टवीर! सत्कार कधी ठेवायचा? आमची आजी वीस मिनिटांत चढते.’

डोकं सणकलं. पहिलं उत्तर तयारच होतं : ‘मग आजीलाच पाठवा, तुम्ही फोनवर बसा.’ बायको म्हणाली, “अहो, आधी जेवून घ्या.” जेवलो. तेवढ्यात कळलं की हे धाडलं असतं तर पहाटेपर्यंत जुंपली असती.

दुसऱ्या उत्तरात ऑपरेशनची सगळी कहाणी लिहिली. वाचली तर दया मागितल्यासारखी वाटली. शिवाय, ‘मग आधी सांगायचं ना!’ असं म्हणायला त्यांना आयती जागा. खोडली.

मग त्यांच्या वाक्यातलं खरं किती ते पाहिलं. मी सावकाश चढलो, एवढंच. तेवढं मान्य करायचं, टोमण्याला हात लावायचा नाही. लिहिलं : ‘चाळीस मिनिटं लागली हे खरं आहे. आजींना माझा नमस्कार सांगाल ना? 🙂’

इथे पुन्हा अडलो. ‘सांगाल ना?’ हा प्रश्न, आणि प्रश्न ठेवला की समोरच्याला बोलायचं निमित्त मिळतं. ती हसरी खूण तर टोमण्याखाली कुत्सितच दिसते. आजींचा नमस्कार मी मनापासून लिहिला होता, पण त्यांना तो उलटा चिमटा वाटला असता. तिन्ही काढलं. शेवटी गेलं ते एवढंच : ‘चाळीस मिनिटं लागली हे खरं आहे. तुमच्या आजी वीस मिनिटांत चढतात, हे वाचून बरं वाटलं. शुभ रात्री.’ ‘शुभ रात्री’ मुद्दाम. दार लावताना आपण म्हणतो तसं.

तोवर पुतण्याने माझ्या बाजूने त्यांना चांगलं झापलं होतं. त्याला फोन करून ते काढायला लावलं. नाराज झाला. पण माझ्या नावाखाली दुसऱ्याने भांडण चालू ठेवलं, तर माझ्या ‘शुभ रात्री’ला काय अर्थ राहिला?

त्या गृहस्थांचं वाक्य मी पुसलं नाही. पुसलं असतं तर ‘घाबरला’ म्हणत ते परत आले असते. शिवीगाळ किंवा धमकी असती तर मात्र उत्तरच दिलं नसतं, सरळ ब्लॉक केलं असतं. हा साधा टोमणा होता.

पंधरा मिनिटांनी त्यांचं आलं : ‘राग आला वाटतं?’

आला होता. बोट उत्तरावर गेलंही. फोन चार्जिंगला लावला आणि गुडघ्याला बर्फाची पिशवी घेऊन बसलो. ते वाक्य अजून तिथे आहे, त्याच्याखाली काही नाही.