फोटो पाठवलाय ना, मग एवढं लांबलचक कशाला?

"नळाचा सुटा भाग हवा असेल तर फोटो पाठवला की झालं. दुकानदाराला समजतं सगळं. तुम्ही एवढं लांबलचक कशाला लिहिता?"

कारण मीही एकदा फक्त फोटोच पाठवला होता.

बाथरूमच्या भिंतीतल्या कॉकचा स्पिंडल, म्हणजे मूठ फिरवली की आत पाणी अडवतो तो पितळी भाग, गेला होता. मूठ पूर्ण बंद केली तरी नळाला धार लागलेली. टाकीचा मेन बंद केला, मूठ काढली, पान्याने स्पिंडल सोडवला आणि हातात घेऊन फोटो काढला आणि दुकानदार काकांना पाठवला. खाली लिहिलं, "काका, हा आहे का? पाऊण इंची." काकांचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "आहे, या."

पाऊण इंची मी मनाने लिहिलं नव्हतं, पट्टीने मोजलं होतं. आट्यांची बाहेरची जाडी २१ मिमी भरली. पाऊण इंच म्हणजे १९ मिमी, अर्धा इंच म्हणजे जेमतेम १३, मग जवळचं माप पाऊणच. हिशेब बरोबर होता, पण पाइपाच्या आट्यांना तो लागूच होत नाही. या आट्यांचा अर्धा इंच हे नुसतं नाव आहे. ते जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलं. अर्धा इंची आटे बाहेरून मोजले तर जवळजवळ २१ मिमी भरतात आणि पाऊण इंची २६ च्या थोडे वर. शिवाय दोन्हींत एका इंचात १४ च आटे, त्यामुळे फोटोत आटे मोजूनही फरक कळत नाही. शेजारी काही ठेवलेलं नसेल तर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

तर मी २६ मिमीचा स्पिंडल घरी आणला. तो भिंतीत शिरलाच नाही. हे बरंच झालं, कारण जो शिरत नाही तो काही मोडत नाही.

दुसऱ्या फोटोत मी शहाणपणा केला. स्पिंडल टेबलावर आडवा ठेवला, शेजारी पट्टी ठेवली आणि अगदी जवळून, साधारण १० सेंमीवरून फोटो काढला. या वेळी अर्धा इंची हे बरोबर लिहिलं. लांबी काकांनी पट्टीवरून वाचली. कॉलरपासून तळाच्या रबरापर्यंत, म्हणजे जो भाग भिंतीत जातो तो, फोटोत २७ मिमी दिसत होता. त्यांनी २७ चा दिला. खरा होता २४.

हे समजायला मला पुढे बरेच दिवस लागले. पट्टी टेबलाला चिकटलेली असते. स्पिंडल गोल, त्याचा मधला भाग टेबलापासून सेंटिमीटरभर वर. कॅमेरा १० सेंमीवर असेल तर पट्टी त्याच्यापासून १० वर असते आणि वस्तू ९ वर. जवळची वस्तू तेवढी मोठी दिसते. २४ चे २७ व्हायला एवढं पुरतं. पट्टी वस्तूच्या मध्याइतकी उंच धरायला हवी होती, खाली दोन वह्या घालून, आणि फोन हातभर लांब. मग तो फरक जवळजवळ उरतच नाही.

नवा स्पिंडल मात्र छान बसत गेला. आटे जुळले, चारपाच फेरे हातानेच गेले. मग अडला. कॉलर आणि भिंतीतल्या पितळी बॉडीमध्ये बारीक फट राहिली होती, ३ मिमी असेल. आज सांगतो तिचा अर्थ काय होता. तळाचं रबर आतल्या बैठकीला आधीच टेकलं होतं, पुढे जायला जागाच नव्हती. स्पिंडल आखूड असता तर उलट झालं असतं, कॉलर बसली असती पण रबर बैठकीपर्यंत पोचलं नसतं आणि धार चालूच राहिली असती. इथे मेन उघडताच पाणी कॉलरच्या भोवतीने आलं. मला वाटलं, अजून थोडा आवळायला हवा.

मी पाना घेतला. पहिल्या पाव फेरीत फट कमी झाल्यासारखी वाटली. दुसऱ्या पाव फेरीला हाताला मऊ लागलं. ज्याने पितळ आवळलंय त्याला ते मऊपण माहीत असेल, धातू घट्ट होत नाही, ओढला जातो. तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. कट असा आवाज आला, षटकोनी डोकं पान्यासकट माझ्या हातात आलं आणि आट्यांचा भाग भिंतीत राहिला.

पुढचे दोन दिवस घरात मेन बंद. आई गुडघ्यांनी अधू. तिच्या अंघोळीला शेजारून पाणी आणायचं आणि ती प्रत्येक तांब्याला "पुरे, पुरे" म्हणायची, मला खेपा पडू नयेत म्हणून. प्लंबरने तुटलेला तुकडा काढायचा प्रयत्न केला, त्यात बॉडीचे आतले आटे गेले. शेवटी टाइल फोडून आख्खा कॉक बदलला. त्या जागी आता वेगळ्या रंगाची टाइल आहे.

चूक कोणाची? काकांनी फोटोवरून "आहे" म्हणायला नको होतं, हे मी अजूनही म्हणतो. एक प्रश्न विचारला असता तरी चाललं असतं. पण पाना माझ्या हातात होता, हेही खरं. कधी वाटतं, जुना तुकडाच खिशात घालून जायला हवं होतं. मग आठवतं, तो बाहेर काढला की भिंतीत भोक उघडं राहतं आणि तुकडा परत बसेपर्यंत घराला पाणी नाही. म्हणून आता मी काढतो, मोजतो, परत बसवतो आणि मग लिहितो. असं:

"नमस्कार काका. भिंतीतल्या कॉकचा पितळी स्पिंडल हवा आहे, पाव फेरीत बंद होणारा, सिरॅमिक डिस्कचा. आटे अर्धा इंची, बाहेरून मोजून २१ मिमी. कॉलरपासून तळाच्या रबरापर्यंत २४ मिमी. वरच्या दांड्याची जाडी ८ मिमी, त्यावर दात २०, दोनदा मोजले. बंद करताना उजवीकडे फिरतो. फोटो दोन आहेत, एक आडवा पट्टीसकट, एक दांड्याच्या टोकाचा. यातलं एखादं माप जुळत नसेल तर कोणतं ते सांगा."

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. नुसतं "आहे का?" विचारलं की "आहे" येतं, आणि त्यात "जवळपास तसाच" धरलेलं असतं. दात मोजायला मी पेनाने एका दातावर खूण करतो, नाहीतर कुठून सुरू केलं ते विसरतं. २० आणि २४ दातांचे दांडे डोळ्यांना एकच वाटतात, पण २० ची मूठ २४ वर बसत नाही, आणि दाबून बसवली तर दात झिजून ती नुसती गरगर फिरते. उजवी-डावी दिशा लिहायची ती यासाठी की गरम आणि गार पाण्याचे स्पिंडल काही जोड्यांत उलटसुलट असतात.

काका एवढं सगळं वाचतात का? मला खात्री नाही. दुकानात गर्दी असते, आधी फोटोच बघत असतील. मागच्या आठवड्यात दुसऱ्या बाथरूमसाठी हेच लिहून पाठवलं तेव्हा उत्तर आलं, "२४ दाती आहे, २० नाही. मूठपण बदला, चालेल."

मूठ अजून चांगली आहे. मी उत्तर दिलेलं नाही. नळाखाली बादली ठेवली आहे.