सहा लाखांचे सदतीस हजार

“मॅडम, ऑफर लेटरवर सहा लाख लिहिलंय, म्हणजे महिन्याचे पन्नास हजार. मग खात्यात सदतीसच कसे आले? काही चुकलंय का?”

बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. पुण्यात पेरोलचं काम करते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये नवी भरती झाली की पहिल्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी हा फोन ठरलेला. गफलत होते ती भागाकारात. ऑफर लेटरवरचा आकडा असतो सीटीसी, म्हणजे तुम्हाला नोकरीवर ठेवायला कंपनीला वर्षभरात येणारा खर्च. त्यातले काही पैसे तुमच्यासाठी असतात पण तुमच्या हातात येत नाहीत, आणि काही कदाचित कधीच येणार नाहीत.

हाच सहा लाखांचा आकडा घेऊ. त्यात बेसिक महिना 25,000. आता पन्नास हजारांतून एकेक बाजूला काढत जा. व्हेरिएबल पे दहा टक्के, म्हणजे महिन्याला 5,000. हे दरमहा मिळत नाहीत. तिमाहीला किंवा वर्षअखेरीस, तुमचं रेटिंग आणि कंपनीचा नफा बघून मिळतात, आणि पूर्णच मिळतील असंही नाही. मग कंपनीचा पीएफचा हिस्सा, बेसिकच्या 12 टक्के, 3,000. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची, तरतूद बेसिकच्या 4.81 टक्के, सुमारे 1,200. ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता साधारण 600. उरले 40,200. पगारपत्रकावर ‘ग्रॉस’ म्हणून दिसतो तो हा आकडा.

म्हणजे वजावटीचा रकाना सुरू व्हायच्या आधीच जवळपास दहा हजार गेले, आणि ते पगारपत्रकावर बहुधा दिसतही नाहीत. पोरं वजावटीत तेरा हजार शोधत बसतात, तिथे सापडतात फक्त 3,200: तुमच्या हिश्शाचा पीएफ 3,000 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300). हातात 37,000. इन्कम टॅक्सवर राग काढू नका, त्याने या पगारात काही नेलेलं नाही. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट धरून 12.75 लाखांपर्यंतच्या पगारावर कर शून्यच येतो.

सगळ्यात जास्त चिडचिड पीएफवरून होते. “दोनदा कापला!” सीटीसीच्या हिशेबाने पाहिलं तर खरंच दोनदा, कारण कंपनीचा हिस्साही त्याच सहा लाखांत बसवलेला असतो. पण हे सहा हजार तुमचेच आहेत. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, चालू करून पासबुक उघडा, दोन्ही हिस्से महिन्याच्या महिन्याला जमा होताना दिसतात का ते तपासा. पगारातून कापले आणि पासबुकात नाहीत, असं झालं तर मात्र तो खरा घोटाळा, लगेच विचारा.

ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कायम नोकरीत ती मिळण्यासाठी साधारणपणे सलग पाच वर्षं काढावी लागतात. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी राजीनामा देणारे कितीतरी असतात. दरमहा 1,200 धरले तर तीन वर्षांत 43,200 रुपये त्यांच्या सीटीसीत मोजले गेले, आणि जाताना त्यातला रुपयाही मिळाला नाही. हा आकडा पगारात मिरवणं मला स्वतःला पटत नाही, पण बरेच जण तसंच करतात.

धक्का बसतो याचं एक कारण घरातही आहे. आई-वडील सरकारी नोकरीत किंवा शाळेत असतील, तर ‘पगार’ म्हणजे मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता अशी महिन्याची बेरीज. ग्रॅच्युइटी नि विमा पगारात धरायची तिथे रीतच नाही. त्यामुळे मुलाने “सहा लाखांचं पॅकेज” म्हटलं की घरचे बाराने भागतात, आणि त्या हिशेबावर फ्लॅटचं भाडं, बाइकचा हप्ता ठरतो.

म्हणून सही करण्याआधी ऑफर लेटरची शेवटची पानं, म्हणजे अॅनेक्शर, मागा आणि त्यात व्हेरिएबल किती ते आधी बघा. तिथेच खरा फरक पडतो. सहा लाखांची दुसरी ऑफर, बाकी सगळं तेच, पण व्हेरिएबल वीस टक्के असेल, तर हातात 32,000 येतील. उलट साडेपाच लाखांची, व्हेरिएबल अजिबात नसलेली ऑफर महिन्याला आपल्या पहिल्या ऑफरपेक्षा किंचित जास्तच देईल.

हातातली रक्कम थोडी वाढवायची एक वाट कधीकधी असते. कायद्याने पीएफची सक्ती 15,000 च्या वेतनमर्यादेपर्यंतच आहे, म्हणून काही कंपन्या दोन्हीकडून 1,800 वरच थांबू देतात. मग कंपनीचे वाचलेले 1,200 भत्त्यात येतात, तुमचे 1,200 कापायचे थांबतात, आणि 37,000 चे 39,400 होतात. मात्र हे रुजू होताना, पीएफचे फॉर्म भरतानाच विचारा. एकदा पूर्ण बेसिकवर पीएफ सुरू झाला की तो कमी करून द्यायला एचआर सहसा तयार होत नाही.