जुनी शंभर सीसी: हेड बसलं, आता ऑइलचा घोळ

हेड बसवून झालं, टॅपेट सेट झाले, आता ऑइल कोणतं टाकायचं यावर गाडी अडून राहिली. आमच्या गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ८-१० वर येते अन् मला शेतात जायला किक तेव्हाच मारावी लागते. दुकानवाला भाऊ म्हणे २०डब्ल्यू म्हणजे २० डिग्रीच्या खाली चालत नाही. नाही ना भाऊ! डब्ल्यू म्हणजे विंटर, पण आकडा तापमानाचा नाहीच, तो नुसता ग्रेड आहे. २०डब्ल्यू ऑइल लॅबमध्ये उणे १५ ला तपासतात आणि तिथं ते ९५०० सेंटीपॉइजच्या वर घट्ट नसावं, १०डब्ल्यू उणे २५ ला तपासतात आणि हद्द ७००० ची. पंप ते ऑइल ओढू शकते का याची वेगळी टेस्ट आणखी ५ डिग्री खाली होते. म्हणजे आपल्या ८ डिग्रीत दोन्ही पास.

मग फरक काय? तो बघाले २०डब्ल्यू-४० अन् १०डब्ल्यू-३० च्या सारख्याच बाटल्या रात्रभर छतावर ठेवल्या आणि सकाळी सारखंच माप एकाच नरसाळ्यातून सोडलं. १०डब्ल्यू-३० जवळपास अर्ध्या वेळात रिकामं झालं, दुपारी उन्हात मात्र तो फरक बराच कमी दिसला. पण यात एक मेख आहे, ३० आणि ४० हा गरम ऑइलचा आकडा (१०० डिग्रीला ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३) पण यात मिसळला, त्यामुळे सगळं श्रेय डब्ल्यूला देता येत नाही. शिवाय नरसाळ्यात ऑइल आपल्याच वजनानं पडते, किक मारताना बेअरिंगमध्ये ते जोरात घासलं जाते, लॅब ते मोजते.

इंजिनात हेच असं दिसते: घट्ट ऑइल हेडपर्यंत उशिरा पोचते म्हणून रॉकरची टिकटिक जास्त वेळ राहते, अन् क्लच प्लेटा चिकटून राहतात म्हणून पहिला गिअर धक्कन पडते. पातळ ऑइलसुद्धा सकाळी गरम इंजिनापेक्षा कितीतरी पट घट्टच असते बरं, तर स्टार्ट झाली की लगेच रेस देऊ नका.

माझ्या गाडीच्या पुस्तकात २०डब्ल्यू-४० लिहिलं आहे. ३० वर उतरायचं मन नाही, एअर कूल्ड इंजिन आहे अन् मे महिन्यात इकडे ४५ जाते. म्हणून १०डब्ल्यू-४० घेतलं, गरम बाजू तीच राहते आणि सकाळची बाजू पातळ होते. डब्यावर जासो एमए लिहिलं आहे की नाही ते पाहूनच घेतलं, क्लच याच ऑइलात बुडते ना, कारचं टाकलं तर घसरू शकते. उद्या भरतो, मग टिकटिक किती वेळ राहते ते लिहितो.