हनुवटी ते छाती, 4 सेंटिमीटर

नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या काउंटरवर, मी नऊ वर्षं काम करते. कॅशलेसचे फॉर्म भरायचे, इन्शुरन्स कंपनीला पाठवायचे, क्वेरी आली की उत्तर द्यायचं, डिस्चार्जच्या दिवशी बिल मंजूर करून घ्यायचं, हे माझं काम. ज्या दिवसाबद्दल लिहितेय, त्या दिवशी एक क्लेम माझ्या हातून नाकारला गेला. चूक माझी होती.

सिन्नरजवळच्या एका गावातली बाई, वय बत्तीस. दोन वर्षांपूर्वी गॅसवर दूध ठेवताना पदर पेटला. मान, छातीचा वरचा भाग आणि उजवा दंड भाजला. त्यावेळी सरकारी दवाखान्यात चाळीस दिवस राहून जखमा भरल्या. पण खोल भाजलेली जखम नुसती भरत नाही, ती भरताना आकसते. कडा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि त्या जागी जाड, ताठ, न ताणणारी कातडी तयार होते. याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. मानेसारख्या हलणाऱ्या जागी असं झालं की हनुवटी हळूहळू छातीकडे खेचली जाते.

त्या सकाळी आठ वाजता बाई माझ्या काउंटरसमोर उभ्या राहिल्या तेव्हा माझ्याशी बोलायला त्या कमरेतून मागे वाकल्या. मान वर होत नव्हती, म्हणून अख्खं शरीर मागे न्यावं लागत होतं. खालचा ओठ खाली ओढलेला, आतलं लाल दिसत होतं, आणि हातात रुमाल, कारण लाळ सतत गळायची. नवरा म्हणाला, "मॅडम, पाणीसुद्धा स्ट्रॉनेच पिते ती. ग्लास वर करता येत नाही." मी हे ऐकलं, मान हलवली आणि कागद मागितले.

डॉक्टरांच्या ओपीडी कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं: भाजल्यानंतरचा मानेचा स्कार म्हणजे व्रण, स्कार रिव्हिजन आणि स्किन ग्राफ्ट. मी फॉर्ममध्ये शस्त्रक्रियेच्या जागी 'स्कार रिव्हिजन' लिहिलं. निदानाच्या कोडचा रकाना होता. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्लास्टिक सर्जरी' शोधलं की यादीत वरच Z41.1 येतो. मी तो टाकला. सकाळी तेरा फॉर्म पडून होते, हा चौदावा. दहा चाळीसला फॉर्म गेला, सव्वाअकराला पोर्टलवर लाल अक्षरांत नकार आला: Excl08, कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी.

बाई तोपर्यंत वॉर्डमध्ये दाखल झाल्या होत्या. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. अंदाजे खर्च एक लाख चाळीस हजार. नवरा अंबडच्या एका कारखान्यात आठ महिन्यांपूर्वी कायम झालेला, पॉलिसी कारखान्याची, ग्रुपची. त्यांना सांगायला मी वर गेले तेव्हा ते म्हणाले, "कॉस्मेटिक म्हणजे नटण्यासाठी ना?" मला उत्तर देता आलं नाही. खाली येऊन मी पॉलिसीची पीडीएफ उघडली.

Excl08 हे कलम सगळ्या कंपन्यांच्या आरोग्य पॉलिसीत जवळजवळ त्याच शब्दांत असतं, कारण विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 2019 मध्ये अशा कलमांची भाषा सारखी करून दिली. मला त्याचा पहिला अर्धा भाग पाठ होता: दिसणं बदलण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही. पण ते वाक्य तिथे संपत नाही. पुढे म्हटलंय की अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना असेल तर ही बंदी लागू नाही. शिवाय आणखी एक सवलत आहे: रुग्णाच्या आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती शस्त्रक्रिया गरजेची असेल, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलं असेल, तर तीही चालते. म्हणजे दोन दारं आहेत आणि मध्ये 'किंवा' आहे. भाजलेल्या माणसाला पहिल्याच दारातून आत जाता येतं, त्याला धोका सिद्ध करत बसायची गरज नाही. कॅन्सरमध्ये स्तन काढल्यावर दोन वर्षांनी पुनर्रचना करणाऱ्या बाईलाही हेच पहिलं दार. तिच्या फॉर्मला मूळ ऑपरेशनची तारीख आणि बायोप्सीचा रिपोर्ट जोडला की दुवा स्पष्ट होतो.

मी इन्शुरन्स कंपनीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही Z41.1 लिहिलंय. त्याचा अर्थ काय, बघा एकदा." बघितला. जे दिसणं स्वतःला पटत नाही, ते बदलण्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी. फॉर्मवर भाजल्याचा उल्लेख डॉक्टरांच्या स्कॅन केलेल्या कागदावर एका कोपऱ्यात होता. मी स्वतः भरलेल्या रकान्यांत कुठेच नव्हता. लाळ, ओठ, स्ट्रॉ, मागे वाकणं, यातलंही काही नव्हतं. त्यांच्या स्क्रीनवर जी बाई होती, तिला मानेवरचा एक डाग काढून घ्यायचा होता.

मी पळत ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, ओपीडीत गेले. बाहेर रांग होती, तरी ते उठून वॉर्डमध्ये आले. म्हणाले, "मीही आळशीपणे 'स्कार' लिहिलं. हे कॉन्ट्रॅक्चर आहे, ते लिहायला हवं होतं." त्यांनी बाईंना म्हटलं, "ताई, जमेल तेवढं छताकडे बघा." मग हनुवटीच्या टोकापासून छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेपर्यंत टेप लावली. 4 सेंटिमीटर. "मोठ्या माणसाची मान पूर्ण मागे गेली की हे अंतर साधारण बारा-साडेबारा सेंटिमीटरच्या वर जातं," ते मला म्हणाले. "हे आकडे लिही. आणि फोटो समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मला तोवर माहीत नव्हती. अशी मान घेऊन उद्या कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली, अगदी अपेंडिक्ससाठी, तर श्वासाची नळी घालणं धोक्याचं ठरतं. डोकं मागे जात नाही, त्यामुळे स्वरयंत्र दिसतच नाही. उद्याच्या भुलीसाठीच, बाई जाग्या असताना, भूलतज्ज्ञ नाकातून लवचीक दुर्बीण घालून नळी बसवणार होते. ते वाक्य सरांनी प्रमाणपत्रात स्वतःच्या हाताने लिहिलं. पहिलं दार पुरेसं होतं, तरी दुसऱ्याचा कागदही आम्ही जोडला.

गालावर थोडा काळपट भाग होता. नवऱ्याने विचारलं, "त्याचं लेझर यातच घालता येईल का?" सर म्हणाले, "नाही दादा. त्याने काही अडत नाहीये. ते यात घातलं तर हेही अडकेल." मला ते पटलं. जे हालचालीसाठी, ओठ मिटण्यासाठी आहे तेवढंच फॉर्मवर यावं.

नवीन फॉर्ममध्ये निदान असं लिहिलं: भाजल्यानंतरचं मानेचं कॉन्ट्रॅक्चर, खालचा ओठ उलटलेला, मान मागे जात नाही, अंतर 4 सेंटिमीटर. शस्त्रक्रिया: कॉन्ट्रॅक्चर रिलीज आणि मांडीवरून कातडीचा ग्राफ्ट. कोड T95.0, म्हणजे डोक्याच्या आणि मानेच्या भाजण्याचे नंतर उरलेले परिणाम. अपघाताच्या रकान्यात तारीख आणि जुना एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसचा, नंबर. तो नंबर जुन्या डिस्चार्ज कार्डावर होता आणि कार्ड गावी, कपाटात. दिराने फोटो पाठवला तर तो अंधुक, पुन्हा उजेडात काढून घेतला. त्यावर 'ज्वाळेने भाजणे, अपघाती' हे स्पष्ट वाचता आलं, आणि सगळं त्या एका ओळीवर उभं राहिलं.

सोबत मी पत्र लिहिलं. Excl08 चं पूर्ण वाक्य, 'किंवा' सकट. आणि एक विनंती: आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम नाकारायचा तर तो कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीने आणि पॉलिसीच्या नेमक्या अटीचा आधार देऊन नाकारावा लागतो. नकार कायम राहणार असेल तर तो तसा, लेखी द्यावा. तसं झालं असतं तर पुढे कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि महिन्याभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जायची तयारी होती. नाशिक त्यांच्याच कक्षेत येतं, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

दोन वाजता क्वेरी आली, आणि ती योग्य होती: भाजणं पॉलिसीच्या आधीचं आहे, मग आधीपासूनच्या आजाराचं काय? Excl08 मधून सुटलं तरी ही दुसरी भिंत असतेच. वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा ही अट काढलेली असते, पण 'बहुतेक' हे पुरावा म्हणून चालत नाही. कारखान्याच्या एचआरकडून पॉलिसीचं ते पान मागवलं. ते साडेतीनला आलं. चार वाजून पन्नास मिनिटांनी मंजुरी आली.

मी वर जाऊन सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत. रुमाल तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. ताठ कातडी या कानाखालून त्या कानाखालपर्यंत कापून मान मोकळी केली, आणि जी जागा उघडी पडली तिच्यावर मांडीची कातडी बसवली. पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं, ग्राफ्ट लागला होता, एका कोपऱ्यात रुपयाएवढा सोडून. डिस्चार्जच्या बिलातून मानेची कॉलर कापली गेली. कॉलर आणि स्प्लिंट हे पॉलिसीत सहसा न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत आहेत. खरं तर या शस्त्रक्रियेत कॉलर हा निम्मा उपचार असतो, कारण नवीन ग्राफ्टही आकसतो. सहा महिने, जेवण आणि आंघोळ सोडून, ती घालायची. नाहीतर तीच मान पुन्हा खाली येते. ही वजावट मला आजही अन्यायाची वाटते. पण यादी स्पष्ट होती, म्हणून मी भांडले नाही. सत्तावीसशे रुपये नवऱ्याने भरले.

मे महिन्यात घामाने खाज सुटते म्हणून बाईंनी तीन आठवडे कॉलर काढून ठेवली. फॉलोअपला आल्या तेव्हा ग्राफ्टच्या खालच्या कडेला एक पट्टा ताठ झाला होता. सरांनी समजावलं, फिजिओथेरपिस्टने आतून सुती कापड लावून दिलं, मालिश शिकवलं. दिवाळीनंतर आल्या तेव्हा सरांनी पुन्हा टेप लावली. 11. हा आकडा त्यांनी कागदावर लिहिला आणि कागद माझ्या काउंटरवर आणून ठेवला. भाजलेल्या मानेच्या प्रत्येक कागदावर ते आता असा आकडा लिहितात, आणि तो फॉर्ममध्ये उतरवल्याशिवाय मी फॉर्म पाठवत नाही.