एका फोटोतून घनता, नोंद तिसरी: चाक धरायचं, टप नाही

एका फोटोवरून रस्त्यावरच्या वाहनांची घनता, म्हणजे किलोमीटरमागे किती वाहनं आहेत, ते काढतोय. मागच्या दोन नोंदींत जे आकडे टाकले होते ते रद्द समजा. चूक सापडली आहे, आणि ती मोजण्यात नव्हती, मी गाडीचा कुठला भाग धरत होतो त्यात होती.

फोटो तोच. पिंपरी-चिंचवडमध्ये जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका पादचारी पुलावरून, सकाळी साडेनऊला, पुण्याकडे जाणाऱ्या तीन लेन. गाड्या आपल्यापासून दूर जातायत, म्हणजे पाठी दिसतात. रस्ता सरळ आणि सपाट. मोबाइल आडवा, कठड्यावर टेकवलेला. (पहिल्या दिवशी हातात धरून काढलेले फोटो फेकून दिले. मोबाइल दोन अंश जरी कलला तरी फोटोतली एक आडवी ओळ रस्त्याच्या दोन्ही कडांना वेगळं अंतर दाखवते.)

आधी मोजपट्टी. रस्त्यावर उतरून टेप लावणं शक्यच नाही, म्हणून दुभाजकावरचे दिव्याचे खांब धरले. फुटपाथवर प्रत्येक खांबाच्या समोर उभं राहून खडूची खूण केली आणि खुणांमधलं अंतर टेपने मोजलं: 30, 29.8, 30.1 मीटर. सगळीकडे 30 धरलं. पहिला खांब पुलाच्या खालपासून 17 मीटरवर. पुलाच्या टोकाला, जिथे खाली फुटपाथ आहे तिथे, सुतळीला किल्ल्यांचा जुडगा बांधून सोडला आणि कॅमेऱ्याची उंची काढली: 7.1 मीटर. खालून एका आजोबांनी विचारलं, "काय पडलं का रे खाली?" आता किल्ल्या हातात धरून त्यांना काय सांगणार!

फोटोत खांबांचे बुंधे वरून मोजल्यास 1580, 932 आणि 770 व्या ओळीत आहेत. क्षितिजाची ओळ कुठली ते माहीत नसतं, पण बुंध्याची ओळ आणि क्षितिजाची ओळ यांतला फरक अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. म्हणून क्षितिजाचा आकडा शीटमध्ये वरखाली करत गेलो, तिन्ही खांब एकमेकांपासून सारखे लांब येईपर्यंत. 500 ला जमलं. पहिल्या खांबापासूनचं अंतर मीटरमध्ये असं निघतं:

```
d = 21600 / (v - 500) - 20
```

v म्हणजे ओळीचा क्रमांक. पडताळ्यासाठी चौथा खांब राखून ठेवला होता. सूत्राप्रमाणे तो 696 व्या ओळीत यायला हवा, सापडला 698 ला. तिथे एक ओळ म्हणजे जवळपास अर्धा मीटर, तेव्हा 90 मीटरमागे एका मीटरची चूक. चालेल. पाचव्या खांबापुढे मात्र गाड्यांचे ठिपके होतात, म्हणून पट्टा पहिल्या खांबापासून चौथ्यापर्यंत, 90 मीटरचा.

आता ती चूक. गाडी पट्ट्याच्या आत की बाहेर, हे मी आधी गाडीच्या टपावरून ठरवत होतो, कारण दाटीत टप स्पष्ट दिसतो. पण सूत्र जमिनीसाठी आहे आणि टप जमिनीवर नसतो. उजव्या लेनमधल्या एका पांढऱ्या हॅचबॅकवर हे लख्ख दिसलं. तिचं मागचं चाक 740 व्या ओळीत टेकतं, म्हणजे पहिल्या खांबापासून 70 मीटर. टपाची मागची कड आहे 691 ला, सूत्र म्हणतं 93 मीटर. एकच गाडी, चाकाने आत, टपाने बाहेर.

हे प्रमाण ठरलेलं आहे. पुलापासून मोजलं तर टपाचं दिसणारं अंतर खऱ्या अंतराच्या 7.1 भागिले (7.1 वजा गाडीची उंची) पट येतं. दीड मीटर उंचीच्या कारसाठी ते साधारण 1.27 पट. म्हणजे टप धरून मी ज्याला 90 मीटर म्हणत होतो तो कारसाठी प्रत्यक्षात 71 मीटरचाच रस्ता होता. घनता सरसकट पाचव्या हिश्श्याने कमी येत होती. बससाठी तर याहून वाईट. आता नियम एकच: मागचं चाक जिथे टेकतं ती ओळ. चाक झाकलं असेल तरच टप, तोही अंतर उलट भागून.

चाक धरायला लागल्यावर दुसरी गोष्ट उघडी पडली: डाव्या लेनमधली बस. तिची पुढची कड पुलापासून 52 मीटरवर, उंची साधारण 3.1 मीटर. तिच्या टपावरून जाणारी नजर पुढे 40 मीटरवर जमिनीला लागते. त्या 40 पैकी पलीकडच्या भागात गाडीचा टप तरी डोकावतो, पण पहिल्या 21 मीटरमध्ये अख्खी कार मावते आणि फोटोत तिचा पत्ताही लागत नाही. हा तुकडा म्हणजे बसची सावली म्हणू: रिकामा नाही, न दिसणारा. म्हणून डाव्या लेनची लांबी 90 नव्हे, 69 धरायची.

मोजणी. उजवी लेन: चार कार, एक दुचाकी. मधली: तीन कार, एक रिक्षा, दोन दुचाक्या. डावी: बस, दोन रिक्षा, तीन दुचाक्या. शिवाय मधल्या आणि डाव्या लेनमधल्या आखलेल्या रेषेवरूनच चाललेल्या तीन दुचाक्या, त्यांना लेन नाहीच. त्या दोन्हीकडे दीड-दीड वाटल्या. अर्धी दुचाकी हास्यास्पद वाटते, पण कुठल्याही एका लेनला तिन्ही बहाल करण्यापेक्षा बरी.

उजवी: 5 भागिले 0.09 किमी, म्हणजे 56 वाहनं प्रति किमी. मधली: 7.5 वरून 83. डावी: 7.5 भागिले 0.069, म्हणजे 109. बसची सावली सोडून दिली असती तर डावीही 83 च आली असती आणि दोन्ही लेन सारख्याच भरल्यात असं मी इथे लिहून मोकळा झालो असतो.

या आकड्यांना किती भाव द्यायचा? पट्ट्याच्या कडेवरची एक गाडी आत-बाहेर झाली की 11 चा फरक पडतो. म्हणजे उजवीचे 56 हे 45 किंवा 67 ही असू शकले असते. पूर्ण ठप्प रांगेत एका कारला साधारण सात मीटर लागतात, म्हणजे किलोमीटरला 140 च्या आसपास. आमच्या डावीचे 109 त्याला भिडत नाहीत, पण त्यात साडेचार दुचाक्या आहेत, त्यामुळे ही तुलना पुढे ताणत नाही.

मागच्या वेळी एकाने विचारलं होतं की तासाला किती गाड्या जातात ते काढ. यातून नाही निघणार. घनता एका क्षणाची असते, ती फोटोत असते. प्रवाहाला वेग लागतो, आणि थांबलेल्या फोटोत वेग नसतो. वाहतुकीचे अभ्यासक ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी 1930 च्या दशकात ओहायोत याच कामासाठी चलचित्र कॅमेरा वापरला तो त्यामुळेच: लागोपाठच्या दोन चौकटींत गाडी किती सरकली ते मोजता येतं.

पुढच्या रविवारी तिथूनच, पण डाव्या लेनच्या बरोबर वरून फोटो काढणार होतो. मग लक्षात आलं की त्याने बसची सावली हलत नाही, ती लेनच्या सरळ पुढेच पडते. ती आखडायला उंची हवी. पुलाशेजारच्या इमारतीच्या गच्चीसाठी वॉचमनकाकांशी बोलणं चालू आहे. चौथा मजला, अंदाजे 14 मीटर: तीच बस तिथून फक्त साडेसात-आठ मीटर झाकेल.